प्लॉटवरून समुद्र दिसत नाही, मग रेंडरमध्ये कसा दाखवू? क्लायंटला पाठवायच्या मेलचा मसुदा

रेघोट्या (धागाकर्ती)

फ्रीलान्स थ्रीडी रेंडरचं काम करते. गुहागर तालुक्यात सड्यावर चौदा प्लॉटांची बंगलो स्कीम आहे, त्याची आठ चित्रं करायची आहेत. सात झाली. चित्र क्र. ५ पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून पश्चिमेकडे बघणारं आहे, आणि तिथे 'फ्रेमचा तिसरा हिस्सा तरी समुद्र पाहिजे' अशी सूचना आली आहे. सोबत एक ड्रोन फोटो दिलाय, 'हाच मागे लावा' म्हणून.

अडचण अशी की मध्ये डोंगराची धार आहे. गूगल अर्थ प्रोवर प्लॉटपासून किनाऱ्यापर्यंत रेघ मारून उंचीचा आलेख काढला. प्लॉट समुद्रसपाटीपासून ३८ मी. पश्चिमेला ६०० मीटरवर धार, ती ५२ मी., आणि वर आंब्याची कलमं. किनारा सरळ रेषेत २.३ किमी. त्यामुळे समुद्र दिसायचा प्रश्नच येत नाही. मेल असा लिहिलाय:

> नमस्कार साहेब,
> चित्र क्र. ५ बद्दल थोडं लिहायचं होतं. माझ्या व्यवसायाची काही नीतिमूल्यं आहेत आणि ग्राहकाची फसवणूक होईल असं चित्र करणं मला पटत नाही. लोक आयुष्याची पुंजी घालून प्लॉट घेतात. आपणही याचा विचार करावा ही विनंती. समुद्र दाखवणं मला शक्य होईल असं वाटत नाही. बाकी सातही चित्रं आपल्याला आवडली याचा आनंद आहे. काही मार्ग निघाला तर कळवावे.

काहीतरी खटकतंय, पण नेमकं काय ते कळत नाही. सुचवा.

---

जांभा

कोकणातला प्रत्येक प्लॉट समुद्रापासून 'पाच मिनिटांवर' असतो. पाच मिनिटं कशाने, ते विचारायचं नसतं.

---

बोलका_दगड

मला यात तुमची जबाबदारीच दिसत नाही. तुम्ही चित्रकार. क्लायंट सांगेल ते काढायचं, खाली बारीक अक्षरात 'कलाकाराची कल्पना' लिहायचं, विषय संपला. सगळी माहितीपत्रकं अशीच असतात. बंगल्यासमोर लाल परदेशी गाडी उभी करता तेव्हा नाही का विचारत, गाडी मिळणार का म्हणून?

---

नकाशेकर

गाडी आणि समुद्र यांत फरक आहे. गाडी प्लॉटबरोबर मिळते असं कोणी समजत नाही. समुद्राचे मात्र चौरस फुटामागे वेगळे पैसे लागतात.

रेघोट्या, मेलवर नंतर बोलू, आधी मोजमाप पक्कं करा. 'दिसत नाही' म्हटलं की समोरून 'थोडा तरी दिसत असेल' येणारच, तेव्हा किती मीटरने दिसत नाही ते हातात हवं.

गॅलरीत उभ्या माणसाचा डोळा कुठे येतो? जोतं ०.६ मी., तळमजला स्लॅबसह ३.३ मी., त्यावर डोळ्याची उंची १.६ मी. म्हणजे जमिनीपासून साडेपाच मीटर, समुद्रसपाटीपासून ४३.५ मी. धार ५२ मी., त्यावर कलमं आठ मीटर धरली तर ६० मी. डोळ्यापेक्षा अडथळा साडेसोळा मीटर उंच. म्हणजे माणूस धारेकडे मान किंचित वर करून बघतोय.

पुढचा मुद्दा बरेच जण विसरतात. डोळा झाडांच्या शेंड्याच्या बरोबरीला आणून भागत नाही. क्षितिजाची रेघ डोळ्याच्या पातळीच्या जरा खाली असते, साठ मीटर उंचीवरून जवळपास पाव अंश खाली. ६०० मीटरवर पाव अंश म्हणजे अडीच-पावणेतीन मीटर. तेव्हा पाण्याची पहिली रेघ दिसायला डोळा ६२.५ मीटरच्या आसपास हवा, म्हणजे प्लॉटच्या जमिनीपासून साडेचोवीस मीटर. ३.३ मीटरचा मजला धरला तर सातव्या मजल्याची गॅलरी.

---

जांभा

सात मजली बंगला. लिफ्टचं रेंडर वेगळं चार्ज करा.

---

मुक्तपेन

कलमांची उंची आठ मीटर कशावरून? आणि पानगळीत दिसेल की. आमच्याकडे दापोलीच्या बाजूला सागाची लागवड आहे, पावसाळ्यात समोर हिरवी भिंत असते, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झडली की फटीफटीतून खाडी दिसते. तोच फोटो वापरायचा.

---

नकाशेकर

सागाबद्दल बरोबर. पण इथे आंबा आहे, तो बारमाही हिरवा. आणि झाडं नसती तरी जमीनच ५२ मीटर आहे, डोळा ४३.५. झाडांनी फक्त फरक वाढवलाय.

आता दुसरी बाजू. धार नसतीच, मधलं सगळं सपाट असतं असं समजा. तरी किती समुद्र दिसला असता? ४३.५ मीटरवरून २.३ किमीवरचा किनारा एक अंशाच्या किंचित जास्त खाली दिसतो आणि क्षितिज साधारण पाचवा हिस्सा अंश खाली. मधलं पाणी सुमारे पाऊण-एक अंशाचं. हात लांब करून करंगळी आडवी धरा, तिच्या जाडीएवढा पट्टा. २४ मिमी लेन्सने आडवी चौकट धरून दोन हजार पिक्सेल उंचीचं चित्र काढलं तर त्यात समुद्र तीस पिक्सेल भरेल. क्लायंटला हवेत साडेसहाशे. म्हणजे उद्या कोणी डोंगर उचलून नेला तरी त्याला हवं ते चित्र खोटंच ठरतं.

---

रेघोट्या

तीस पिक्सेल! हा हिशोब मी केलाच नव्हता. पण ड्रोन फोटोत समुद्र भरपूर आहे, अगदी किनाऱ्याची वाळूसुद्धा दिसते. क्लायंट म्हणतो, 'फोटो माझ्याच प्लॉटवरून काढलाय, खोटा कसा?'

---

घिरट्या

ड्रोनचं काम करतो म्हणून सांगतो. फोटो प्लॉटवरूनच असेल, खोटा नाही. उंची किती ते बघा. फोटोच्या फाइलमध्येच लिहिलेलं असतं. मात्र व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत चालणार नाही, त्यात ही माहिती गळून जाते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हवर मागवा आणि हे चालवा:

```
exiftool -RelativeAltitude -GimbalPitchDegree DJI_0042.JPG
```

(फाइलचं नाव तुमचं टाका.) पहिला आकडा उड्डाण जिथून केलं तिथपासूनची उंची. दुसरा कॅमेरा किती झुकवला होता तो, उणे म्हणजे खाली. दोन्ही त्यालाच दाखवा.

पडताळा आणखी सोपा आहे. प्लॉटवर ड्रोन साडेपाच मीटरवर स्थिर करा, कॅमेऱ्याचा झुकाव शून्य ठेवा, फोटो काढा. शून्य झुकावात चौकटीची मधली आडवी रेघ म्हणजे डोळ्याची पातळी. धार त्या रेघेच्या वर दिसली की समुद्र दिसणं शक्यच नाही. वाद खलास.

---

नकाशेकर

तत्त्वाने बरोबर, पण इथे तेवढ्यावर विसंबू नका. धार डोळ्यापेक्षा साडेसोळा मीटर वर, ६०० मीटरवर, म्हणजे जेमतेम दीड अंश वर. ड्रोनच्या गिंबलची पातळी एखाद अंशाने चुकलेली असू शकते. वारा असेल तर बघायलाच नको. क्लायंटच्या बाजूचा माणूस 'कॅमेरा खाली झुकलाय' म्हणाला तर तुमच्याकडे उत्तर नाही.

उलट करा. ड्रोन प्लॉटवरूनच उडवा आणि साडेपाच मीटरपासून दोन-दोन मीटरने वर न्या. प्रत्येक टप्प्याला एक फोटो. पाण्याची रेघ पहिल्यांदा ज्या उंचीला दिसते तो आकडा लिहून घ्या. यात कॅमेऱ्याचा झुकाव चुकला तरी काही बिघडत नाही, कारण समुद्र एक तर दिसतो नाहीतर दिसत नाही. उंचीत मीटरभर चूक येईल, पण आपल्याला पाच आणि पंचवीस यांतला फरक ठरवायचाय.

गूगल अर्थचे आकडे मेलमध्ये घालू नका. ती उंची उपग्रहावरून घेतलेली असते, दाट झाडी असेल तिथे जमीन आणि शेंडे यांच्या मधलं काहीतरी येतं, आणि पाचसात मीटरची चूक सहज निघते. घरबसल्या अंदाजाला ठीक. पुरावा म्हणून जागेवरचं मोजमाप.

---

सुलेखा_ठाणे

खूप छान माहिती. आम्हीही कोकणात सी व्ह्यू प्लॉट बघतोय. समुद्र किती लांब असला तर चांगला? आणि बंगल्याचं तोंड पश्चिमेला वास्तूप्रमाणे चालतं का?

---

जांभा

ताई, हा धागा समुद्र नसलेल्या सी व्ह्यूचा आहे. :)

---

तिरफळ

वकिली करते, म्हणून 'कलाकाराची कल्पना'बद्दल. बोलका_दगड अर्धं बरोबर बोलतायत. चौदा प्लॉटांची स्कीम म्हणजे महारेरा नोंदणीची. २०१६च्या रेरा कायद्याचं कलम १२ असं सांगतं की जाहिरातीतल्या, माहितीपत्रकातल्या किंवा नमुन्यातल्या चुकीच्या विधानावर भरवसा ठेवून कोणी पैसे भरले आणि त्याचं नुकसान झालं, तर प्रवर्तकाने भरपाई द्यायची. ग्राहकाला बाहेर पडायचं असेल तर पैसे व्याजासह परत. यातली जबाबदारी प्रवर्तकाची आहे, चित्र काढणाऱ्याची नाही. एवढं दगडांचं बरोबर.

पण तळटीप हे चिलखत नव्हे. फर्निचर, झाडं, गाड्या यांना ती लागू पडेल. ज्या गोष्टीसाठी माणूस जास्त पैसे मोजतो तीच खोटी असेल तर बारीक अक्षरांचा आधार फार लंगडा पडतो. शिवाय २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात 'प्रसिद्ध करणारा किंवा त्यात सहभागी असणारा' यालाही दंडाची तरतूद आहे, दहा लाखांपर्यंत. त्यात नेहमीच्या धंद्याच्या ओघात केलेल्या कामाला सूट आहे. फ्रीलान्स व्हिज्युअलायझर त्या सुटीत बसतो का? मी बसतो म्हणून युक्तिवाद करेन, समोरचा वकील म्हणेल की समुद्र नाही हे माहीत असून केलं. तुमचा हा मेल नेमका तेच सिद्ध करतो. म्हणून एकदा लिहिलात की मग ते चित्र करायचं नाही. 'माझा विरोध आहे पण तुम्ही म्हणता म्हणून करते' ही सगळ्यात वाईट जागा.

---

बोलका_दगड

म्हणजे मेल न लिहिणंच शहाणपणाचं! फोनवर 'जमणार नाही' सांगून मोकळं व्हा.

---

तिरफळ

फोनवर सांगितलं आणि महिन्याभराने दुसऱ्याने तुमच्याच रेंडरवर समुद्र चिकटवला, तर तुम्ही नाही म्हणाला होतात हे कशावरून? नकार लेखी हवा. फक्त त्यात तुमची मतं कमी आणि मोजमाप जास्त हवं. 'फसवणूक' हा शब्द काढाच. क्लायंटने अजून कुणाला फसवलेलं नाही.

---

पांढरीरेघ

तिरफळ यांनी चिकटवायचा विषय काढलाच आहे तर. फाइल कुठल्या रूपात देता? पारदर्शक आकाशाची पीएनजी किंवा लेयर असलेली पीएसडी दिलीत तर मागे समुद्र लावायला पोराला दहा मिनिटं पुरतात. गॅलरीचं रेलिंग, कुंड्या, पडदा, सगळं नीट कापून तुम्हीच दिलेलं असतं. अशा कामात आकाश आणि धार भाजून घेतलेली जेपेग द्या. सीन फाइल मागितली तर करारात होती का ते बघा. नसेल तर ती वेगळी विकायची वस्तू आहे.

तरी कोणी चिकटवलाच तर ओळखू येतो. ड्रोनच्या फोटोतलं क्षितिज आणि तुमच्या कॅमेऱ्याचं क्षितिज एका रेघेत बसत नाही. गॅलरीच्या फरशीच्या आणि छताच्या कडा लांबवल्या की जिथे मिळतात, त्या उंचीवर क्षितिज असायला हवं. चिकटवलेल्या चित्रात समुद्र त्या रेघेच्या वर चढलेला असतो, बंगला पाण्याखाली गेल्यासारखा. त्यात गॅलरीतून बघताना किनाऱ्याची वाळू वरून दिसते. मेलच्या पायाशी तुमच्या मूळ चित्राची छोटी प्रत जोडून ठेवा, पुढे तुलनेला उपयोगी पडेल.

---

टेम्सकाठी

लंडनमध्ये अशाच कामात आहे. इथे उंच इमारतींच्या परवानगीसाठी जी चित्रं लागतात ती मोजणी करून जुळवलेल्या फोटोवरच करावी लागतात: कॅमेऱ्याची जागा सर्व्हेयरने मोजलेली, लेन्स लिहिलेली, तारीख-वेळ लिहिलेली. इमारतीची नुसती बाह्यरेषा दाखवायची की साहित्यासह पूर्ण चित्र, याच्याही शून्य ते तीन अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत. विक्रीच्या माहितीपत्रकांना मात्र इथेही तेवढा काच नाही. तुमच्याकडे असली सक्ती नसली तरी सवय उचलण्यासारखी आहे: चित्राच्या कोपऱ्यात 'कॅमेरा: पहिला मजला, जमिनीपासून ५.५ मी., २४ मिमी, पश्चिम' एवढी ओळ घाला. दिसायला निरुपद्रवी, पण त्या ओळीसमोर खोटं घुसडणं अवघड जातं.

---

गडगा

मोजमाप, कायदा सगळं झालं, मेलकडे कोणी बघतंय का? :)

रेघोट्या, तुमचा मसुदा खटकतो कारण त्यात नकार कुठे आहे तेच सापडत नाही. 'शक्य होईल असं वाटत नाही' हा नकार नव्हे, ही घासाघीस सुरू करायची जागा आहे. मग नीतिमूल्यं. ज्याने अजून पन्नास टक्के दिलेले नाहीत त्याला नीती शिकवली की बिल अडकतं. शेवटी 'काही मार्ग निघाला तर कळवावे', म्हणजे चेंडू परत त्याच्या हातात, आणि त्याचा मार्ग एकच: समुद्र.

क्लायंटला खरं काय पाहिजे तेही बघा. त्याला आठ चित्रं पाहिजेत, शुक्रवारी छपाईला द्यायचीत. समुद्र नाही म्हणताना आठवं चित्र कोणतं आणि कधी मिळेल ते त्याच मेलमध्ये असलं तर निम्मं भांडण तिथेच मिटतं. पर्याय दोनच द्या. पाच दिले की तो सहावा सुचवतो.

---

मुक्तपेन

पर्याय म्हणून ड्रोनचाच फोटो द्या ना, 'ड्रोन छायाचित्र, जमिनीपासून अमुक मीटर' असं छापून. परिसर दाखवला, खोटंही नाही.

---

तिरफळ

मला पटत नाही. मथळा वाचतो कोण? व्हॉट्सॲपवर फोटो पुढे जातो तेव्हा मथळा कापलेला असतो.

---

घिरट्या

मथळा फोटोखाली ठेवू नका, फोटोतच भाजा, मधोमध खाली. आणि प्लॉट चौकटीत दिसू द्या. आपला सडा, मग धार, मग समुद्र असं तिन्ही एका फोटोत आलं की बघणाऱ्याला कळतं मध्ये काय आहे. नुसतं पाणी कापून घेतलं तर मात्र तिरफळ म्हणतात तेच होणार. हवाई परिसर-फोटो सगळेच वापरतात, त्यात काही गैर नाही.

---

तिरफळ

सगळे वापरतात हे मान्य. गैर नाही हे बघू.

---

रेघोट्या

सगळ्यांचे आभार. काल जागेवर मोजणी झाली. तिथला ड्रोनवाला घेतला. पाण्याची रेघ पहिल्यांदा २६ मीटरला दिसली (नकाशेकरांचा अंदाज साडेचोवीस!). क्लायंटने शेवटी मूळ फाइल पाठवली, त्यात उंची `+58.40`. आज हा मेल पाठवला:

> विषय: चित्र क्र. ५ (गॅलरीतून पश्चिमेकडे): समुद्र दाखवणार नाही, दोन पर्याय
>
> नमस्कार साहेब,
>
> चित्र क्र. ५ मध्ये समुद्र दाखवून देणार नाही. कारण मोजमापाचं आहे. गॅलरीत उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून ५.५ मीटरवर येतो. काल प्लॉटवरून ड्रोन वर नेत तपासलं: समुद्र पहिल्यांदा २६ मीटरला दिसला. त्याखाली पश्चिमेची धार आडवी येते. आपण दिलेला फोटो ५८ मीटर उंचीवरून घेतलेला आहे, ती नोंद मूळ फाइलमध्ये आहे. काढलेले फोटो जोडले आहेत.
>
> पर्याय १: हाच कॅमेरा, समोर आहे तशी धार आणि आंब्याची बाग, संध्याकाळचा उजेड.
> पर्याय २: क्र. ५ ऐवजी पडवी आणि अंगणाचं चित्र.
>
> दोन्हींना जादा आकार नाही. बुधवारी दुपारपर्यंत निवड कळवलीत तर गुरुवारी संध्याकाळी अंतिम चित्र देते, शुक्रवारची छपाई गाठता येईल. बाकी सात चित्रं तयार आहेत, आठव्याबरोबर एकत्र पाठवते. उरलेली रक्कम ठरल्याप्रमाणे त्या वेळी द्यावी.
>
> समुद्र परिसरात आहे हे सांगायचं असेल तर माहितीपत्रकाच्या नकाशात किनाऱ्याचं रस्त्याने अंतर किलोमीटरमध्ये द्यावं, असं सुचवते.

ड्रोन फोटोचा पर्याय मुद्दाम घातला नाही. तुमचं दोघांचं भांडण मिटेपर्यंत थांबते.

---

गडगा

उत्तम. 'दाखवून देणार नाही' ऐवजी नुसतं 'दाखवणार नाही' चाललं असतं, 'दाखवून देणार' म्हटलं की धमकी वाटते. गेला तो गेला.

एकच. सात चित्रं रोखून आठव्याबरोबर देणं क्लायंटला अडवणूक वाटू शकते. तयार असलेली आजच कमी रिझोल्यूशनवर पाठवा, छपाईच्या फाइल पैसे आल्यावर.

---

बोलका_दगड

मान्य, हा मेल वाचून मला भांडता येत नाही. पण काम दुसरीकडे जाणार हे लिहून ठेवा. बाजारात समुद्र लावून देणारे पाचशे रुपयांत मिळतात.

---

पांढरीरेघ

जाईल कदाचित. पण दगडसाहेब, चित्र क्र. ५ गेलं तर एकच जातं, आठातलं. बाकी सात तयार आहेत आणि त्यांचे पैसे त्याला देणं आहे.

---

रेघोट्या

उत्तर आलं. पर्याय १. सोबत प्रश्न: 'निदान सूर्यास्त तरी दाखवाल का?' हे खरं धरायचं का? गॅलरी बरोबर पश्चिमेला आहे.

---

नकाशेकर

सूर्यास्त बिनधास्त दाखवा, फक्त धारेवर. आपल्या अक्षांशाला सूर्य डिसेंबरात पश्चिमेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेला मावळतो, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. २४ मिमी लेन्स आडवं ७४ अंशांचं बघते, तेव्हा वर्षभर तो चौकटीत येतो. सॉफ्टवेअरमध्ये गुहागरचं ठिकाण आणि एक तारीख घाला, जानेवारीतली घ्या, जूनमध्ये ढगच असतात. धार दीड अंश वर असल्याने सूर्य खऱ्या क्षितिजापेक्षा सात-आठ मिनिटं आधी तिच्यामागे जातो. म्हणून पंचांगातल्या सूर्यास्ताच्या वेळेला रेंडर लावू नका, नाहीतर सूर्य डोंगरामागे आणि अंगणात सोनेरी ऊन असा घोटाळा होईल. पंधरावीस मिनिटं आधीची वेळ घ्या.

---

सुलेखा_ठाणे

हा प्लॉट नक्की कुठे आहे? सूर्यास्त आणि आंब्याची बाग असेल तर आम्हाला चालेल. समुद्राचा खारा वारा तसाही नको, ग्रिल गंजतात.

---

जांभा

रेघोट्या, मिळालं गिऱ्हाईक. कमिशन मागा.

---

रेघोट्या

:D सुलेखाताई, क्लायंटचं नाव इथे देता येत नाही.

शेवटचं एक विचारते. लायब्ररीतली 'मँगो ट्री' मॉडेल्स सगळी उंच खोडाची, रायवळ आंब्यासारखी आहेत. धारेवर तर कलमं आहेत. कोणाकडे बरं मॉडेल आहे का?

---

गडगा

कलमाचं खोड कमरेएवढ्या उंचीवरच फाटतं आणि घेर उंचीइतकाच रुंद, जमिनीकडे झुकलेला. रायवळचं मॉडेल उभ्यात सत्तर टक्क्यांवर दाबा, खोड जमिनीत गाडा, आणि दोन झाडांत दहा मीटर अंतर ठेवून ओळीत लावा. जानेवारी धरलाय तर शेंड्यांना मोहोराची पिवळसर छटा हवी, सगळ्या झाडांना सारखी नको. ६०० मीटरवरून एवढं पुरतं.